बारा वर्षांची लेक, भूप आणि ऑडिशन

*माझी लेक बारा वर्षांची आहे. दीड वर्षापासून एका बाईंकडे शास्त्रीय गाणं शिकते. इतक्या दिवसांत तिला सा लावणं, अलंकार आणि एकच राग, भूप, एवढंच मिळालंय. तिची मैत्रीण दुसऱ्या क्लासला जाते. तिथे ट्रॅकवर दर महिन्याला नवं गाणं बसवतात, व्हिडिओ टाकतात, भरपूर लाइक येतात. तिथले सर म्हणतात, तीन महिने द्या, टीव्हीच्या ऑडिशनला उभी करतो. लेक हट्टाला पेटली आहे. शनिवार-रविवारी चार-चार तास ट्रॅक लावून वरच्या पट्टीत गाते. महिनाभर तिचा आवाज बसल्यासारखा आहे, संध्याकाळी तर घोगराच. बाई म्हणतात, धीर धरा. किती धरायचा? आम्ही तिचं नुकसान तर करत नाही ना?*
*— एक आई, रत्नागिरी*

ताई, आधी आवाजाचं बोलू या. क्लास कोणता, हा प्रश्न महिनाभर थांबला तरी चालेल, आवाजाचा नाही. सर्दी-खोकला नसताना आवाज दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ बसलेला राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं असतं. तुमच्याकडे महिना उलटून गेलाय. याच आठवड्यात जा, आणि 'दुर्बिणीतून स्वरयंत्र बघाल का' असं स्पष्ट विचारा. टॉर्च मारून तोंडातून जो घसा दिसतो त्यात स्वरतंतू दिसत नाहीत. ते त्याच्या बरेच खाली असतात.

तिच्या घशात काय चाललं असेल ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजेल. बारा वर्षांच्या मुलीचे स्वरतंतू सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे असतात. आपण गातो तेव्हा हे दोन तंतू एकमेकांवर आपटून उघडतात आणि पुन्हा आपटतात. काळी चारच्या पट्टीत तार षड्ज लावला की हे एका सेकंदात साधारण 415 वेळा होतं. तो सूर सलग मिनिटभर गायला, तर पंचवीस हजारांच्या आसपास. हलक्या, मोकळ्या आवाजात हे तंतू अलगद टेकतात आणि कितीही वेळा टेकले तरी सहसा बिघडत नाही. पण जोर लावून, मान ताणून, ट्रॅकच्या वर आवाज काढायचा म्हणून गायलं, की ते जोरात आपटतात. त्यांच्यावरचं नाजूक अस्तर सुजतं. सूज ओसरायच्या आत पुन्हा तेच झालं, पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, तर त्या जागी हळूहळू घट्ट गाठी धरतात. आवाज सकाळी बरा आणि संध्याकाळी घोगरा असणं हे दिवसभराच्या वापराने सूज वाढत असल्याचं लक्षण असतं.

घरी एक चाचणी करता येते. तिला तार सप्तकातली एखादी ओळ अगदी हळू, जणू शेजारी बाळ झोपलंय अशी, गायला सांगा. निरोगी गळ्याला वरचा सूर हळू लावता येतो. तंतूंवर सूज असली, की हळू गाताना सूर उमटायच्या आधी नुसती हवा येते, किंवा सूर मध्येच तुटतो. तोच सूर मोठ्याने मात्र लागतो, कारण जोराच्या हवेने सुजलेले तंतूही हलतात. म्हणूनच मुलींना आणि पालकांना 'गाता तर येतंय की' असं वाटत राहतं. ही चाचणी डॉक्टरांच्या जागी नाही. पण डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडेल.

तपासणी होईपर्यंत ट्रॅक बंद. साधं बोलणं चालेल. कुजबुजणं मात्र नको, कारण त्यात घसा आवळला जातो आणि विश्रांती मिळत नाही. सारखं खाकरून घसा साफ करणंही थांबवा, त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायची सवय लावा. ज्येष्ठमध, मध-हळद यांनी घशाला बरं वाटतं, हरकत नाही. पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंवर पडत नाही. त्यामुळे त्यांच्या भरवशावर गाणं चालू ठेवू नका. समजा गाठी निघाल्याच, तरी घाबरून जाऊ नका. मुलांमध्ये त्या बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय, आवाजाच्या सवयी बदलून आणि आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टच्या मदतीने कमी होतात. त्याला काही महिने लागतात, एवढंच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या वयात आवाज फुटतो तो फक्त मुलग्यांचा, असं आपण समजतो. मुलींचाही आवाज बदलतो, फक्त हळू. अकरा ते चौदाच्या दरम्यान तो थोडा खाली येतो, काही काळ त्यात हवा जास्त येते, कधी मधलेच सूर सुटतात. आधी सहज लागणारा सूर अचानक लागेनासा होतो आणि मुलगी तो ओढून आणायला बघते. हा काळ जपून काढायचा असतो, आणि ऑडिशनची तयारी नेमकी याच वयात सुरू होते.

आता तुमच्या बाई दीड वर्ष काय करताहेत ते बघू. सा लावणं म्हणजे एकच सूर घोटत बसणं नव्हे. तंबोरा चालू असताना मुलीने सा लावला आणि तो जरा चढा किंवा उतरा असला, तर तिचा आवाज तंबोऱ्यापासून वेगळा ऐकू येतो आणि दोन्हींच्या मध्ये एक थरथर जाणवते. सूर नेमका बसला की ती थरथर थांबते आणि स्वतःचा आवाज तंबोऱ्यात नाहीसा झाल्यासारखा वाटतो. हे ओळखायला कान शिकतो तो हळूच. गळ्याला हवेचा नेमका दाब समजतो तोही हळूच. ट्रॅकवर हे शिकायची सोयच नसते. तिथे सूर झाकायला वाद्यांचा भरणा असतो, आणि व्हिडिओ टाकण्याआधी सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअरही वापरता येतं. मैत्रीण कणसूर झाली तरी तिला ते कळायला वाव नाही. त्यात त्या लेकराचा काही दोष नाही.

भूपाबद्दलही सांगते. भूपात सा रे ग प ध एवढे पाचच स्वर. मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे नवख्या गळ्याला अर्ध्या अंतराच्या अवघड उड्या माराव्या लागत नाहीत. पण तो मुलांना देण्याचं मला वाटणारं मोठं कारण गंधार आहे. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी तो वाजवत नाही, तो त्या सा मधूनच निघतो. आणि भूपाचा वादी स्वर गंधारच. म्हणजे तुमच्या लेकीला जो स्वर सगळ्यात जास्त घोटायचा आहे, तो समोर वाजत असतो, फक्त ऐकायचा असतो. पेटीवरचा किंवा कीबोर्डवरचा गंधार या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. ज्या मुलीने वर्षभर तंबोऱ्यातला गंधार ऐकलाय, तिला पुढे पेटीवर गातानाही तो फरक कानाला टोचतो आणि ती आपला गंधार सांभाळते. जिने फक्त ट्रॅक ऐकलाय, तिला तो फरक आहे हेच माहीत नसतं.

पुढे ती देशकार शिकेल तेव्हा स्वर हेच पाच असतील. तिथे वजन धैवतावर पडेल, राग सकाळचा होईल, आणि भूपात ज्या गंधारावर ठाण मांडायचं तिथे फार थांबायचं नाही, असं सांगितलं जाईल. स्वर तेच असून राग वेगळा कसा, हे भूप पक्का असल्याशिवाय कळत नाही. म्हणून एका रागात दीड वर्ष हे जास्त नाही, पण त्या दीड वर्षात काहीतरी पुढे सरकायला हवं.

इथे 'धीर धरा' या उत्तराची परीक्षा घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बाईंनी धीर धरायला सांगितलंय, तर त्या काय तयार करताहेत ते दिसलं पाहिजे. आवाज बरा झाल्यावर फोनवर तंबोरा लावा. तिच्या पट्टीत सा लावून घ्या आणि तिला भूपातला एक अलंकार मध्यलयीत गायला सांगा. ती गात असताना तंबोरा अर्धा मिनिट बंद करा, गाणं चालू राहू द्या, मग पुन्हा तंबोरा लावा. तिचा सा होता तिथेच असेल किंवा केसभर हलला असेल, तर दीड वर्षात कान तयार झालाय आणि बाईंनी फार मोलाचं काम केलंय. पार घसरला असेल, तर ते बाईंना सांगा. त्या काय करतात ते बघा. दुसरं म्हणजे भूपाची तीनतालातली बंदिश ती सम न चुकता गाते का, आणि बंदिशीबाहेर स्वतःच्या मनाने दोन-चार स्वरवाक्यं रचू शकते का. 'ग रे सा ध सा रे ग' यातून निघून ती परत मुखड्यावर वेळेत येत असेल, तर तिला राग कळायला लागलाय. दीड वर्षात यातलं काहीच होत नसेल, रोज फक्त तेच अलंकार त्याच लयीत होत असतील, तर तो संथपणा शिकवणाऱ्याच्या आळसाचा आहे. मग दुसरे गुरू शोधण्यात काही गैर नाही.

आणि एक वाक्य बाईंसाठीही. बारा वर्षांच्या मुलीला दीड वर्ष एकही गाणं न देणं मला पटत नाही. मुलाला गाण्यातून आनंद मिळायलाच हवा, नाहीतर ते गाणं सोडतं. भूपावर बांधलेली भजनं आणि भावगीतं आपल्याकडे भरपूर आहेत. बाईंना नम्रपणे विचारा, 'तिला भूपातलंच एखादं भजन द्याल का?' घोटलेला गंधार गाण्यात आल्यावर कसा चमकतो हे लेकीला कळेल, आणि अलंकार कशासाठी हा तिचा प्रश्न निम्मा सुटेल.

शनिवार-रविवारच्या चार-चार तासांबद्दल मला काळजी वाटते. गाण्याच्या जगात बारा-बारा तासांच्या रियाजाच्या कथा फार प्रेमाने सांगितल्या जातात. मुलं त्या ऐकतात आणि तीच फूटपट्टी लावून घेतात. पण त्या कथा बहुतेक गुरूच्या घरी राहून शिकलेल्यांच्या असतात. ऐकणारे गुरू शेजारच्या खोलीत असत आणि गळा कुठे आवळतोय हे त्यांना लगेच कळे. शिवाय तो रियाज दिवसभरात विखुरलेला असे. त्या कथांचा दुसरा अर्धा भाग क्वचित सांगितला जातो. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब तरुणपणी आमलेटा दरबारात होते, तेव्हा सततच्या गाण्याने त्यांचा आवाज गेला. जवळजवळ दोन वर्षं ते गाऊ शकले नाहीत. आवाज परतला तो पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी, लयीच्या अंगाने गुंफत जाणारी गायकी त्यांनी घडवली, आणि पुढे कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारात आल्यावर तीच महाराष्ट्रभर गेली. मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर त्यांच्याच शिष्या. शेवट चांगला झाला म्हणून ती दोन वर्षं लहान होत नाहीत. खाँसाहेबांजवळ पिढ्यान् पिढ्यांची विद्या होती, तिच्यावर ते पुन्हा उभे राहिले. बारा वर्षांच्या मुलीजवळ ती शिदोरी अजून नाही.

तिच्यासाठी रोज चाळीस-पन्नास मिनिटं पुरेत, आणि तीही दोन बैठकांत. आठवड्यातून दोन दिवस चार तास आणि बाकी दिवस काही नाही, यापेक्षा रोजची थोडी बैठक गळ्याला आणि डोक्याला दोन्हीला मानवते. काल घोटलेलं झोपेत मुरतं आणि आज जरा सहज येतं. सकाळी शाळेआधी पंधरा-वीस मिनिटं सा आणि मंद्रातले स्वर. इथे एक सावधगिरी हवी. मुलांचा आवाज मुळात खाली फार जात नाही. मंद्र धैवत, फार तर पंचमापर्यंत सहज जाईल तेवढंच. खर्जापर्यंत हनुवटी छातीला टेकवून घशातून घरघर काढणं म्हणजे खर्जसाधना नव्हे. संध्याकाळी अलंकार आणि बंदिश, मध्ये पाच मिनिटं थांबून पाणी. सर्दी असेल त्या दिवशी गाणं नाही, फक्त तंबोरा लावून ऐकायचं किंवा हातावर ताल धरून बंदिश मनात म्हणायची. हाही रियाजच आहे, हे तिला सांगा.

ऑडिशनचं म्हणाल, तर मी त्याच्या विरोधात नाही. मंचावर उभं राहायची ओढ चांगली आहे. पण तीन महिन्यांत जे तयार होतं ते दोन-तीन गाणी असतात, आणि गळा तोच जुना राहतो. निवड झालीच तर दर आठवड्याला नवं गाणं, उशिरापर्यंत चित्रीकरण, मोठ्या आवाजातल्या वाद्यवृंदापुढे गायचं, हे सगळं त्या गळ्यावर येतं. आत्ता बसलेला आवाज घेऊन तिथे जाणं मला धोक्याचं वाटतं. त्या सरांना दोन प्रश्न विचारा. माझ्या मुलीची पट्टी कोणती ठरवलीत? आणि ट्रॅक त्या पट्टीत बदलून देता का? पहिल्या प्रश्नाला 'मूळ गाण्याचीच' असं उत्तर आलं, तर तिथे थांबा. मूळ गाणं एखाद्या प्रौढ गायिकेने तिच्या तयार गळ्याने, तिला सोयीच्या पट्टीत गायलेलं असतं. ट्रॅकची पट्टी खाली घ्यायची सोय हल्ली साध्या फोनवरच्या अ‍ॅपमध्येही असते. दोन-तीन अर्धस्वर खाली घेतलं की पुष्कळदा गाणं ओरडल्याशिवाय गाता येतं. तेवढंही न करणाऱ्याच्या हाती मी माझं मूल दिलं नसतं.

लाइकचं काय, हा तुमच्या लेकीचा खरा प्रश्न आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मैत्रिणीला महिन्याला एक गाणं आणि त्याचं कौतुक मिळतं. हिची प्रगती दिसत नाही, कारण ती रोज ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून ती ऐकू येईल अशी सोय करा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकच अलंकार, एकाच पट्टीत, त्याच लयीत आणि भूपाची तीच बंदिश फोनवर ध्वनिमुद्रित करायची. कुठेही टाकायची नाही. तीन महिन्यांनी पहिली आणि शेवटची एकापाठोपाठ तिला ऐकवा, आणि तुम्ही काही बोलू नका. गंधार आता कुठे बसतो, श्वास आता कुठे तुटतो, हे तिचं तिलाच कळेल. मैत्रिणीबरोबरही गाऊ दे. तिला घरी बोलवा, दोघींनी ट्रॅकशिवाय, नुसत्या तंबोऱ्यावर एक भजन म्हणू दे. दोघींनाही त्यातून काहीतरी मिळेल.

लेकीशी बोलताना 'आम्ही तुला ऑडिशनला जाऊ देणार नाही' असं म्हणू नका. आवाज तपासून घेऊ, तो मोकळा झाला की बाईंशी बोलून पुढच्या वर्षी जायचं का ते ठरवू, असं सांगा, आणि तसंच वागा. डॉक्टरांनी गायला परवानगी दिली, की पहिला आठवडा दिवसाला दहा मिनिटं, मधल्या सप्तकात, बोलण्याइतक्या हळू आवाजात. दुसऱ्या आठवड्यात पंधरा-वीस. वरचा सा पुन्हा लावायचा तो आधी हळू गाण्याची चाचणी नीट जमल्यावरच. मध्ये पुन्हा घोगरेपणा आला तर दोन दिवस थांबून आधीच्या पायरीवर परत यायचं. ही पायऱ्यांची यादी बाईंनाही दाखवा. त्यांना त्यात काही बदलायचं असेल तर बदलू द्या, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्यापासून लपवू नका.